कार्ड बंद, करार चालू

समजा, माधवनगरच्या एका दुकानदाराने हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं. योजना वर्षाची, हप्ता महिन्याला ८०० रुपये. चार हप्ते गेल्यावर त्याचं मन उडालं आणि त्याने बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड ब्लॉक केलं. पाचवा हप्ता कापला गेला नाही. पुढे मात्र ६४०० रुपयांच्या थकबाकीची मेल आली.

यात बँकेची चूक नाही. कार्ड ब्लॉक केल्यावर बँक फक्त व्यवहार नाकारते. कंपनीच्या संगणकाला ‘पेमेंट फेल’ एवढंच कळतं. गिऱ्हाईक सोडून गेलं, हे कळत नाही. मग तो पुन्हा पैसे मागून बघतो. व्हर्च्युअल कार्डाची मर्यादा किंवा मुदत संपली तरी असंच होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती वसुलीआधी किमान २४ तास सूचना येते आणि ई-मॅन्डेट रद्दही करता येतो. पण तोही पैसे वळते करण्याच्या परवानगीपुरताच. करार दुकानदार आणि कंपनी यांच्यातला, बँक त्यात पक्षकारच नाही.

महिन्यापुरती, आगाऊ पैशांची सेवा असेल तर पैसे न मिळाल्यावर ती बहुधा आपोआप थांबते. गोम आहे ‘वर्षाचा करार, मासिक हप्ता’ या ओळीत. अर्थात कंपनीने मागितले म्हणून ६४०० देणं लागतंच असंही नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं.

म्हणून आधी कंपनीच्या खात्यात जाऊन सेवा रद्द करावी, तारखेसह पोच जपून ठेवावी आणि मगच कार्डाला हात लावावा.