पुण्याचा अहवाल, सिलतऱ्याचं गेट

सकाळी ७:३०
रायपूरहून बिलासपूर रस्त्याने निघालं की अर्ध्या तासाच्या आत सिलतऱ्याच्या चिमण्या दिसू लागतात. मे महिन्यात उन्हाच्या आधी पोचलेलं बरं. इथल्या एका स्पंज आयर्न कारखान्याचं २०२४-२५ चं ऑडिट आमच्या फर्मकडे आहे आणि आजचा दिवस पगारासाठी राखून ठेवला आहे. कायम कामगार-कर्मचारी सुमारे ६४०, वर्षाचा पगार साधारण २३ कोटी. पण पगाराचा हिशेब या आवारात होतच नाही, तो पुण्यातल्या एका कंपनीकडे दिलेला आहे. इथून हजेरी जाते आणि तिथून पगारपत्रक तयार होऊन येतं.

सकाळी ८:१५
टेबलावर पुण्याहून आलेला अहवाल ठेवलेला होता. पगाराची आकडेमोड करणाऱ्या कंपनीकडे तिचे शेकडो ग्राहक आपापले ऑडिटर पाठवू लागले, तर तिचं काम बंद पडेल. म्हणून ती एकच स्वतंत्र ऑडिटर नेमते. तो तिची नियंत्रणं तपासून अहवाल देतो आणि ग्राहकांचे ऑडिटर तो वाचतात. अमेरिकेत १९९२ पासून हे काम ‘सॅस ७०’ या मानकाखाली चालायचं, म्हणून जुने लोक अजूनही तेच नाव घेतात. आपल्याकडे अहवाल देणाऱ्याने एसएई ३४०२ पाळायचं आणि तो वापरणाऱ्या आमच्यासारख्यांनी एसए ४०२.

सोबतच्या आर्टिकल मुलीने विचारलं, “मॅडम, अहवाल स्वच्छ आहे. फाइलला लावून टाकू?”

मी म्हटलं, “आधी तीन गोष्टी बघ. टाइप कुठला, काळ कुठला आणि आपल्या कारखान्याने काय करायचं असं त्यात लिहिलंय.”

सकाळी ९:००
टाइप १ अहवाल एवढंच सांगतो, की अमुक तारखेला नियंत्रणांची आखणी योग्य होती. ती वर्षभर पाळली गेली का, याचा पुरावा त्यात नसतो. आमच्या हातातला टाइप २ होता. त्यात अहवाल देणाऱ्या ऑडिटरने कोणत्या चाचण्या घेतल्या आणि काय आढळलं, ते ओळीने दिलेलं असतं. मी थेट त्या पानांवर जाते, कारण पहिल्या पानावरचं मत स्वच्छ असलं तरी अपवाद आत नोंदलेले असतात. इथेही एक होता. पगाराच्या रचनेतला बदल दुसऱ्या माणसाने तपासायचा असा नियम, पण २५ नमुन्यांपैकी २ मध्ये तपासल्याची खूण नव्हती.

ते दोन नमुने कुठल्या ग्राहकाचे, हे अहवाल सांगत नाही. म्हणून आमच्या कारखान्यात वर्षभरात झालेले असे सगळे ३१ बदल काढले आणि मंजुरीच्या पत्रांशी ताडून पाहिले. सगळे जुळले. तो अपवाद आमच्यापुरता मिटला.

सकाळी १०:३०
दुसरा प्रश्न काळाचा. अहवाल एप्रिल ते डिसेंबर २०२४ चा आहे आणि कारखान्याचं वर्ष मार्च २०२५ ला संपतं. मधल्या तीन महिन्यांसाठी पुण्याच्या कंपनीने ब्रिज लेटर दिलं आहे: नियंत्रणांत महत्त्वाचा बदल झालेला नाही. पण हे पत्र कंपनीच्या व्यवस्थापनाचं आहे, कुठल्याही ऑडिटरने तपासलेलं नाही. तीन महिन्यांचा पगार म्हणजे पावणेसहा कोटींच्या आसपास. तेवढी रक्कम पत्राच्या भरवशावर सोडता येत नाही. आम्ही प्रत्येक महिन्यातले पाच पगार हाताने पुन्हा मांडले: मूळ वेतन, भत्ते, पीएफ, कर. पंधराही बरोबर आले. पुण्यातली आकडेमोड चोख होती.

दुपारी १२:००
मग टाइम ऑफिसात गेलो. मार्चच्या पगारपत्रकात ६४० नावं होती. गेटवरच्या यंत्रात महिन्यातून एकदा तरी बोट लावलेले निघाले ६३५. उरलेल्या पाचांपैकी दोघं आजारपणाच्या रजेवर, प्रमाणपत्रं फाइलला लावलेली. बाकी तिघं २८ फेब्रुवारीलाच नोकरी सोडून गेलेले, आणि तिघांच्याही खात्यात मार्चचा पूर्ण पगार जमा. २२,४००, १९,८०० आणि २६,३००. एकूण ६८,५०० रुपये.

दुपारी १:३०
जेवणानंतर कार्मिक अधिकाऱ्यांसमोर बसले आणि अहवालातलं एक पान पुढे ठेवलं. अशा प्रत्येक अहवालात एक यादी असते: आमची नियंत्रणं तेव्हाच पुरी पडतील, जेव्हा ग्राहक कंपनी स्वतः इतकं करील. त्यात लिहिलं होतं, सोडून गेलेल्यांची यादी दर महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कळवा आणि पगार सोडण्यापूर्वी कच्चं पगारपत्रक तपासून मंजुरी द्या.

“यादी दर महिन्याला जाते, मॅडम,” ते म्हणाले. खरंच जात होती. पण ती १ ते २५ तारखेपर्यंत गेलेल्यांची असायची. २६ पासून महिनाअखेरपर्यंत गेलेला माणूस या महिन्याच्या यादीत नाही आणि पुढच्या महिन्याच्याही नाही. त्यात पुण्याची पद्धत अशी, की गैरहजेरी कळवली तरच पगार कापायचा. काही कळवलं नाही तर पूर्ण महिना धरायचा. म्हणून गेलेल्या माणसाचा पगार मुकाट्याने चालू राहिला.

दुपारी ३:००
आता वर्षभराचं पाहिलं. सोडून गेलेले ५८, त्यांतले महिन्याच्या शेवटच्या दिवसांत गेलेले ११. आठ जणांचा पगार थांबला होता, कारण कोणीतरी पुण्याला फोन केला होता. त्या फोनची कुठे नोंद नाही. फेब्रुवारीअखेर फोन करणारा माणूस रजेवर होता. मार्चचं कच्चं पगारपत्रक आलं दुपारी ४ वाजता आणि मंजुरीचा मेल गेला ४:२० ला. वीस मिनिटांत ६४० नावं तपासून होत नाहीत.

संध्याकाळी ५:००
वजन करण्याची वेळ. अकराच्या अकरा जणांना एकेक महिना जादा गेला असता, तरी सरासरी ३० हजारांनी ३ लाख ३० हजार झाले असते. २३ कोटींपुढे ही रक्कम आमचं मत बदलण्याइतकी नाही. पण नियंत्रण मोडलं आहे आणि एसए २६५ प्रमाणे ते व्यवस्थापनाला लेखी कळवायचं. पत्रात तीनच ओळी लिहिल्या: यादी मागच्या २६ पासून चालू २५ पर्यंतची करा, पगारपत्रक गेटच्या नोंदींशी नावागणिक ताडा, ताडणाऱ्याची सही ठेवा. दोघांची रक्कम एप्रिलच्या फुल अँड फायनलमध्ये वळती झाली होती, २६,३०० वसूल व्हायचे आहेत.

संध्याकाळी ६:००
परतताना मुलीने विचारलं, “आपल्या ऑडिट रिपोर्टमध्ये पुण्याच्या अहवालावर विसंबलो असं लिहायचं का?” नाही. आमचं मत स्वच्छ असेल तर त्या ऑडिटरच्या कामाचा उल्लेख करायला एसए ४०२ मनाई करतं. मताची जबाबदारी पूर्ण आमची.

पुण्याच्या अहवालात या चुकीबद्दल एक शब्दही खोटा नव्हता. चूक त्याच्या हद्दीबाहेर, गेटच्या आत झाली होती. म्हणून ज्यांच्या हाती असा अहवाल येईल त्यांना माझं सांगणं एवढंच: ग्राहकाने काय करायचं ते पान आधी काढा, आणि ते हातात घेऊन टाइम ऑफिसात जा.