तीनशे जणांचे पेढे

तिशीतल्या एखाद्या इंजिनिअरच्या लिंक्डइनवर तीनशे ओळखीचे लोक आहेत असं धरू. कॉलेजची बॅच, जुन्या कंपनीतले सहकारी, कुणी दूरचे नातेवाईक. प्रत्येकाला सरासरी तीन वर्षांनी नवी नोकरी किंवा बढती मिळते. म्हणजे वर्षाला शंभर आनंदवार्ता, आठवड्याला साधारण दोन. त्याची स्वतःची वार्ता मात्र तीन वर्षांतून एकदाच. या हिशेबात कुणीच त्याच्या पुढे गेलेलं नाही, सगळे एकाच गतीने चाललेत. तरीही सकाळी लोकलमध्ये फोन उघडला की आपणच मागे पडलो, असं त्याला वाटतं. तीनशे जणांची बेरीज तो आपल्या एकट्याच्या आयुष्याशी ताडून पाहत असतो.

त्यात ही माणसं परकी नसतात. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की माणूस आपली तुलना आपल्यासारख्यांशीच करतो. कुणी उद्योगपती आणखी श्रीमंत झाला तर झोप उडत नाही. प्रॅक्टिकलला आपली जर्नल उतरवून काढणारा ‘डायरेक्टर’ झाला की उडते.

पेढे वाटले जातात, नकार घरातच राहतो. प्रोफाइलमध्ये नवं पद भरताना ते ओळखीच्यांना कळवण्याची सोय असते. पोस्टखाली अभिनंदनं जमू लागली की ती आणखी लोकांपुढे जाते. पण मुलाखतीत नाकारलं गेल्याचा रकाना प्रोफाइलमध्ये नाहीच.

हा रकाना काहींनी स्वतः उघडला. मेलनी स्टेफान या संशोधिकेने 2010 मध्ये ‘नेचर’मध्ये अपयशांचा बायोडेटा लिहिण्याची कल्पना मांडली, आपला तसा बायोडेटा नेहमीच्या बायोडेटाच्या सहापट लांब होईल, असा तिचा अंदाज होता. 2016 मध्ये प्रिन्स्टनचे प्राध्यापक योहानेस हाउसहोफर यांनी आपला तसा बायोडेटा जाहीर केला. न मिळालेले प्रवेश, नाकारलेले शोधनिबंध, हुकलेली अनुदानं, सगळं त्यात होतं. तो जगभर पसरला. मग त्यांनी त्यात एक नवं अपयश जोडलं: आपल्या साऱ्या संशोधनापेक्षा या कागदाकडेच जास्त लोकांचं लक्ष गेलं! अर्थात, प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाला हे परवडतं. सहा महिने घरी बसलेल्या माणसाने नकारांची यादी लावली तर तिचा अर्थ वेगळा घेतला जाईल, ही भीती खरीच आहे.

त्याला ही साइट सोडताही येत नाही, कारण नोकऱ्या तिथेच येतात. पण ज्याचं नाव दिसताच पोटात ढवळतं, त्याला ‘अनफॉलो’ करता येतं. ओळख जोडलेली राहते, पोस्ट दिसेनाशा होतात, त्याला कळवलंही जात नाही. त्यापेक्षा उपयोगी गोष्ट म्हणजे त्यालाच फोन करून विचारणं: किती ठिकाणी अर्ज केले होतेस, किती ठिकाणाहून उत्तरच आलं नाही? असा आकडा एकदा कानावर पडला की पोस्टमधल्या पदामागचे महिनेही दिसू लागतात.