पॉप-अप येतो कुठून, अडतो कुठे

नव्या इअरबड्सच्या डबीचं झाकण उघडलं की अँड्रॉइड फोनच्या तळाशी एक पांढरी पट्टी वर सरकते. तिच्यावर इअरबड्सचं चित्र असतं, नाव असतं आणि जोडणीचं बटण असतं. बटण दाबलं की काम झालं. ही पट्टी बघून फोननेच इअरबड्स शोधून काढले असं वाटतं, पण घडतं ते उलट. बोलायला सुरुवात इअरबड्स करतात, फोन नुसता ऐकत असतो. त्यांचं बोलणं ऐकू आल्यावरही पट्टी दाखवण्याआधी फोन बऱ्याच गोष्टी तपासतो. यातली एक जरी अडली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि काय अडलं तेही कळत नाही. म्हणून या तपासण्या कोणत्या, हे माहीत असलेलं बरं.

अँड्रॉइडवरची ही सोय म्हणजे गूगलने 2017 साली आणलेली फास्ट पेअर. जोडणीच्या स्थितीत असलेले इअरबड्स कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून सेकंदाला साधारण दहा वेळा एक छोटा संदेश हवेत सोडत राहतात. अशा संदेशात जेमतेम 31 बाइट मावतात, त्यामुळे चित्र पाठवण्याचा प्रश्नच नसतो. त्यात गूगलची ठरलेली खूण 0xFE2C असते आणि त्या मॉडेलचा 24 बिटांचा क्रमांक असतो. हा क्रमांक कंपनीने आधी गूगलकडे नोंदवलेला असावा लागतो. फोन तो क्रमांक इंटरनेटवरून गूगलच्या सर्व्हरला विचारतो आणि नाव, चित्र व त्या मॉडेलची सार्वजनिक किल्ली मिळवतो. पट्टीवरचं देखणं चित्र इअरबड्समधून आलेलं नसतं, ते सर्व्हरवरून आलेलं असतं.

पट्टी दाखवण्याआधी फोन अंतराचाही अंदाज घेतो. आपण किती ताकदीने संदेश सोडतो आहोत हे इअरबड्स सांगतात, फोन तो किती ताकदीने पोचला हे मोजतो, आणि दोन्हींच्या फरकावरून वस्तू जवळ आहे की पलीकडच्या खोलीत हे ठरतं. तुम्ही बटण दाबलंत की फोन त्या सार्वजनिक किल्लीच्या आधारे एक सांकेतिक विनंती पाठवतो. तिला बरोबर उत्तर देण्यासाठी लागणारी खासगी किल्ली फक्त अस्सल इअरबड्समध्ये असते. उत्तर जुळलं की नेहमीची ब्लूटूथ जोडणी होते. सहा आकडी कोडची पडताळणीही आतल्या आत उरकली जाते, तुम्हाला काही टाइप करावं लागत नाही. शेवटी फोन इअरबड्समध्ये तुमच्या गूगल खात्याची 16 बाइटची एक किल्ली लिहून ठेवतो.

पॉप-अप न येण्याचं एक फार नेहमीचं कारण या शेवटच्या पायरीत दडलेलं आहे.

समजा, वडिलांनी वापरलेले इअरबड्स मुलीला दिले. ती तिच्या फोनजवळ झाकण उघडते, पण काहीच येत नाही. ती फोन बंद करून चालू करते, ब्लूटूथ बंद-चालू करते, तरी शांतता. कारण असं, की झाकण उघडताच इअरबड्स आतल्या खोलीत असलेल्या वडिलांच्या फोनला जाऊन जोडले गेले. शिवाय एकदा जोडणी झालेले इअरबड्स जोडणीच्या स्थितीबाहेर असताना मॉडेल क्रमांक सांगतच नाहीत. त्याऐवजी ते खात्याच्या किल्लीपासून बनवलेली, दर वेळी वेगळी दिसणारी एक पुसट खूण हवेत सोडतात. ज्याच्या खात्याची ती किल्ली आहे त्याच्याच फोनला ती ओळखता येते. त्यामुळे वडिलांच्याच खात्यावर चालणाऱ्या टॅबलेटवर लगेच पॉप-अप येईल, मुलीच्या फोनवर मात्र येणार नाही. ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे आणि मला ती योग्य वाटते. नाहीतर रेल्वेच्या डब्यात बसलेल्या प्रत्येकाचे इअरबड्स तुमच्या फोनवर जोडणी मागत राहिले असते.

तिने करायचं ते एवढंच: वडिलांच्या फोनचं ब्लूटूथ बंद करायचं आणि डबीवरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. इअरबड्स कायमचे तिचेच होणार असतील तर माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ते फॅक्टरी रिसेट करायचे, म्हणजे जुन्या खात्याची किल्लीही पुसली जाते.

एवढं करूनही पट्टी आली नाही तर ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये जाऊन नवीन उपकरण शोधायला सांगावं. तिथल्या यादीत इअरबड्सचं नाव दिसत नसेल तर ते अजून जोडणीच्या स्थितीत गेलेलेच नाहीत. नाव दिसत असेल तर रेडिओ ठीक आहे, अडलं आहे ते फास्ट पेअर. मग फोनचं लोकेशन चालू आहे का ते पाहा. आजूबाजूच्या ब्लूटूथ खुणांवरून माणूस कुठे आहे हे ओळखता येतं, म्हणून अँड्रॉइडने अशा शोधाची सांगड लोकेशनशी घातली. पहिल्या जोडणीला इंटरनेटही लागतं. पॉप-अप आधी तुम्हीच वारंवार बाजूला सारला असेल तर फोन त्या मॉडेलसाठी काही काळ गप्प राहतो. आणि स्वस्त इअरबड्सचं मॉडेल गूगलकडे नोंदवलेलंच नसेल तर कितीही वाट पाहिली तरी पट्टी येणार नाही. तेव्हा यादीतलं नाव दाबून जोडणी करावी, आवाजात काही फरक पडत नाही.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. विंडोजला गूगलचा संदेश कळत नाही. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीत स्विफ्ट पेअर आणलं, त्यासाठी माउस किंवा हेडफोनने मायक्रोसॉफ्टच्या 0x0006 या क्रमांकाखाली स्वतंत्र संदेश सोडावा लागतो. तो सोडायचा की नाही हे बनवणारी कंपनी ठरवते, म्हणून एकाच टेबलावर फोन लगेच ओळख देतो आणि लॅपटॉप ढिम्म राहतो. इथे सर्व्हरला काही विचारलं जात नाही, उपकरणाचं नाव संदेशातच येऊ शकतं, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी चालतं. विंडोज 11 मध्ये Settings, मग Bluetooth & devices, मग Devices असं गेलं की Show notifications to connect using Swift Pair हे बटण सापडतं. जुन्या लॅपटॉपवर ते बंद असण्याची शक्यता जास्त.

स्विफ्ट पेअरची एक खोड मात्र माणसाला हैराण करते. सूचना हुकली म्हणून आपण माउसचं बटण पुन्हा पुन्हा दाबतो. पण मधे 30 सेकंदांहून जास्त काळ संदेश थांबला तरच विंडोज त्याला नवा प्रयत्न मानतं. म्हणून माउस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट तसाच ठेवावा आणि मग जोडणीला लावावा.

फोन इतके हात आखडून का वागतात हे 2023 साली उघड झालं. फ्लिपर झिरो नावाच्या खिशात मावणाऱ्या उपकरणातून लोक खोट्या एअरपॉड्सचे संदेश सोडू लागले आणि आसपासच्या आयफोनवर पॉप-अपचा इतका मारा झाला की फोन वापरणं अवघड झालं. संदेश कोणीही सोडू शकतो आणि आयफोन तो ऐकून लगेच पॉप-अप दाखवत होता. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या आयओएस 17.2 मध्ये ॲपलने या माऱ्याला बराच आळा घातला.

नक्की दोष कुणाचा हे बघायचं असेल तर nRF Connect हे मोफत ॲप फोनवर घ्या आणि इअरबड्स जोडणीला लावून स्कॅन करा. यादीत त्यांच्यासमोर FE2C दिसलं तर ते फास्ट पेअरचा संदेश सोडत आहेत, अडचण फोनच्या सेटिंगमध्ये आहे. मायक्रोसॉफ्टचं नाव आणि 0x0006 दिसलं तर लॅपटॉपचं बटण तपासा. दोन्ही दिसलं नाही तर दुकानदाराने खोक्यावरचं काहीही वाचून दाखवलं असलं तरी त्या इअरबड्समध्ये ही सोय नाही.