‘हवेच’ कुठल्या टोकाला लिहायचे?

वाचनालयाचा कारभार संगणकावर न्यायचा तर आधी कागदावर एक आकृती काढतात. नोंद कशाकशाची ठेवायची आणि त्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे तीत दिसते. पीटर चेन यांनी १९७६ साली मांडलेल्या पद्धतीत गोष्टीला चौकोन आणि संबंधाला शंकरपाळ्याचा आकार असतो. नंतर जास्त रुळलेल्या ‘क्रोज फूट’ पद्धतीत शंकरपाळे नाही. चौकोन थेट रेषेने जोडतात आणि ‘अनेक’ असतील त्या टोकाला कावळ्याच्या पायासारखे तीन फाटे काढतात.

फरक फक्त दिसण्याचा असता तर प्रश्नच नव्हता. घोटाळा होतो तो सक्तीच्या खुणेत.

ग्रंथ आणि त्याच्या प्रती घ्या. प्रत्येक प्रत कुठल्या तरी एका ग्रंथाची असलीच पाहिजे. ग्रंथाची मात्र एकही प्रत नसली तरी चालेल. मागवलाय, अजून यायचाय. चेन पद्धतीच्या पाठ्यपुस्तकी रूपात ही सक्ती दुहेरी रेषेने दाखवतात, आणि ती प्रत व शंकरपाळे यांच्या मध्ये येते. सक्ती जिच्यावर, खूण तिच्याजवळ. क्रोज फूटमध्ये तीच सक्ती पलीकडे जाते. ग्रंथाच्या टोकाला दोन छोट्या आडव्या रेघा येतात: किमान एक, कमाल एक. प्रतीच्या टोकाला पाय आणि त्यामागे गोल, म्हणजे ‘शून्य किंवा अनेक’.

आता जुनी आकृती नव्या पद्धतीत उतरवणारा दुहेरी रेष प्रतीजवळ पाहतो आणि सक्तीची रेघही तिथेच मारतो. गोल जातो ग्रंथाकडे. नियम उलटा झाला! प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो इमानाने पाळला, तर मागवलेला ग्रंथ नोंदवता येत नाही, आणि कुठल्याच ग्रंथाची नसलेली प्रत मात्र बिनतक्रार आत शिरते. आकृती पाहून हे कळत नाही, कारण ती नीटनेटकीच दिसते. प्रत्येक रेष दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचावी: ‘एका प्रतीला ग्रंथ किमान किती, कमाल किती?’ मग उलट दिशेने. ‘एका प्रतीला शून्य ग्रंथ’ असे तोंडून निघाले की ग्रंथपालच थांबवतात.

माझ्या मते वाचनालयाच्या लोकांशी पहिली चर्चा करताना शंकरपाळे बरे. त्यात ‘नेतो’ असे क्रियापद लिहिता येते आणि पुस्तक नेल्याची तारीखही त्यालाच जोडता येते. तक्ते बांधायची वेळ आली की क्रोज फूट. तिथे तारखेला जागा हवी म्हणून सभासद आणि प्रत यांच्या मध्ये ‘देवघेव’ हा वेगळा चौकोन काढावा लागतो. दोन्ही टप्प्यांच्या आकृत्या वेगळ्या ठेवाव्यात. एकाच कागदावर दोन्ही आले, तर शंकरपाळ्याचा तक्ता करायचा की नाही, हे ज्याचा तो ठरवतो.

कोपऱ्यात नुसते ‘क्रोज फूट’ लिहूनही भागत नाही. ओरॅकलच्या वर्तुळात रुळलेल्या बार्कर पद्धतीतही कावळ्याचा पाय आहे, पण तिथे ऐच्छिकपणा तुटक रेषेने दाखवतात, आणि तोही ज्याच्या त्याच्याच बाजूला. म्हणून गोल, रेघ आणि तुटक रेष यांचा अर्थ आकृतीवरच लिहून ठेवावा.