पुरणपोळी कडेनेच का फुटते?

होळीला मझौलीत मावशीकडे पोळ्या लाटत होते. वहिनीची प्रत्येक पोळी कडेने फुटत होती. कणीक उत्तम तिंबलेली, तेल लावून दोन तास मुरलेली. पुरण मात्र कणकेपेक्षा सैल!

लाटताना दोन्ही बरोबरीने पसरायला हवीत. पुरण सैल असेल तर ते पुढे पळतं आणि कड फोडतं. घट्ट किंवा फ्रिजमधलं गार असेल तर मधेच अडून वरची पारी फाडतं.

म्हणून पुरण परत गॅसवर ठेवलं. उलथनं त्यात उभं राहिलं की उतरवायचं. गार झाल्यावर ते आणखी आळतं. गरम असतानाच यंत्रातून काढा, डाळीची एक अख्खी कणीही पारी फाडते.

आता भरणं. लिंबाएवढ्या कणकेची पारी मधे जाड, कडेला पातळ करा. पुरण कणकेच्या दीडपट. तोंड मिटून वरचं जास्तीचं पीठ चिमटीने काढून टाका.

मग लगेच लाटणं नको! उंडा आधी तळहाताने चेपा, पुरण कडेपर्यंत पोचतं. नंतर तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने, कडांकडे लाटा.

तुमची पोळी कडेने फुटते की मधे? कमेंटमध्ये सांगा.