डोमेनचा ईमेल: वेबसाइट नसली तरी चालते, नोंद चुकली तर चालत नाही

गोंदिया जिल्हा धानाचा आणि राईस मिलचा. समजा, दवनीवाड्यातल्या एका मिलवाल्याला नागपूरच्या खरेदीदाराला तांदळाचं कोटेशन पाठवायचं आहे. घरच्या जीमेलऐवजी मिलच्या नावाचा पत्ता हवा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "आधी वेबसाइट बनवा." हा पहिला गैरसमज. डोमेन म्हणजे फक्त नाव. त्या नावाचं टपाल कुठे पोचवायचं हे डीएनएसमधली MX नोंद सांगते, वेबसाइटची नोंद वेगळी असते. एकही पान नसलेल्या डोमेनवर मेल व्यवस्थित चालतो. डोमेन विकत घ्यायचं, मेलसेवा घ्यायची आणि त्या सेवेने दिलेली MX नोंद डोमेनच्या खात्यात भरायची, एवढंच. गूगल वर्कस्पेससाठी ती `smtp.google.com` अशी आहे.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: "मेल येतोय, जातोय, म्हणजे सेटिंग झालं." MX नोंद फक्त येणाऱ्या मेलपुरती. जाणारा मेल खरंच तुमचाच आहे हे समोरच्या सर्व्हरला कळायला SPF आणि DKIM लागतात. SPF म्हणजे या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी. DKIM म्हणजे प्रत्येक मेलवरची डिजिटल मोहोर, जिची किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. फेब्रुवारी 2024 पासून वैयक्तिक जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोहोंपैकी निदान एक असावं, असा गूगलचा नियम आहे. रोज पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, शिवाय DMARC सुद्धा.

आता आपल्या मिलवाल्याची गोष्ट पुढे नेऊ. त्याने नंतर वेबसाइटही केली. होस्टिंगवाल्याने आपली SPF नोंद टाकली, मेलसेवेची आधीपासून होतीच. TXT नोंदींमध्ये आता असं दिसतं:

```
v=spf1 a mx ~all
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

दोन्ही ओळी आपापल्या जागी बरोबर आहेत आणि घोळ तिथेच होतो. एका डोमेनला SPF ची नोंद एकच असावी लागते. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर त्यातली चांगली निवडत बसत नाही, तो दोन्ही रद्द धरतो. कोटेशन स्पॅममध्ये जातं आणि मिलवाला समजतो, खरेदीदाराला भाव पटला नाही. उपाय म्हणजे दोन्ही एकत्र करून एकच ओळ ठेवणं:

```
v=spf1 a mx include:_spf.google.com ~all
```

तपासायचं कसं? घरच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तो कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूतून Show original निवडा. SPF आणि DKIM समोर PASS हवं. SPF समोर PERMERROR दिसलं, तर आधी दोन ओळींचाच संशय घ्या. मात्र PASS म्हणजे इनबॉक्सची हमी नव्हे. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी शंभर जणांना दरपत्रक धाडलं, तर सगळ्या नोंदी बरोबर असूनही ते स्पॅममध्ये जाऊ शकतं.

मेलखालच्या सहीबद्दलचा गैरसमज असा की ती जितकी सजवलेली तितकी भारदस्त. म्हणून व्हिजिटिंग कार्डाचा फोटोच खाली डकवतात. अनेक ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, मग खरेदीदाराला रिकामी चौकट दिसते. चित्र उघडलं तरी त्यातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. त्याहून मजेशीर प्रकार मराठी सहीचा. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव फॉन्टमधला मजकूर आणून सहीत टाकला, की आपल्या कॉम्प्युटरवर 'दवनीवाडा' छान दिसतं. तो फॉन्ट नसलेल्या नागपूरच्या कॉम्प्युटरवर मात्र उमटतं:

```
nouhokMk
```

कृतिदेव मराठी अक्षरं साठवत नाही. साठवतो इंग्रजी अक्षरं, फक्त दाखवतो मराठी. सही युनिकोडमध्येच टाइप करावी: नाव, हुद्दा, मिलचं नाव, +91 सह फोन, गावाचा पत्ता. जीएसटी क्रमांक बिलावर असतोच, तो प्रत्येक मेलखाली कशाला? आणि जीमेलच्या मोबाइल ॲपमधली सही वेगळी तपासावी, नाहीतर फोनवरून गेलेलं उत्तर बिननावाचं जाऊ शकतं.

शेवटचा गैरसमज, "डोमेन घेतलं म्हणजे कायमचं आपलं." ते ठरावीक वर्षांपुरतं नोंदलेलं असतं. नूतनीकरण चुकलं, मुदतीनंतरचा सवलतीचा काळही संपला, की ते दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि MX नोंद भरून तुमच्या ग्राहकांचे मेल स्वतःकडे वळवू शकतो. डोमेन वेबसाइट करणाऱ्या पोराच्या नावावर नको, स्वतःच्या नावावर हवं. डोमेनच्या खात्यात संपर्काचा ईमेल म्हणून त्याच डोमेनचा पत्ताही देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो पत्ताही बंद, आणि खात्यात शिरून पैसे भरायला लागणारा ओटीपी त्याच बंद पत्त्यावर जातो. तिथे घरचं जुनं जीमेलच बरं.