वडिलांची खुर्ची, मुलाचा निर्णय आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

तळवड्यातल्या शेडमध्ये ज्या पिढीने पहिली लेथ मशीन बसवली, ती पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे. मुलगा किंवा मुलगी ऑफिसात बसू लागली आहे, पण गिऱ्हाईक अजून 'मोठ्या साहेबां'नाच फोन करते. माल मशीनवर तयार होत असला तरी नाव एका माणसाच्या शब्दावर उभे असते. तो माणूस बाजूला झाल्यावर ते नाव टिकवायचे कसे, याचा नीट अभ्यास करता येईल असे उदाहरण शेजारीच, आकुर्डी आणि चाकणमध्ये आहे. ते म्हणजे बजाज ऑटो.

राहुल बजाज कागदोपत्री संस्थापक नव्हते. कंपनीची नोंदणी 1945 मधली, आणि त्यांनी कारभार हाती घेतला तो 1968 मध्ये. पण 'बजाज' म्हणजे स्कूटर आणि स्कूटर म्हणजे चेतक हे समीकरण त्यांच्याच काळात घट्ट झाले. लोकांच्या मनात कंपनीचा चेहरा तेच होते, म्हणून त्यांच्या पायउतार होण्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

आधी माल, मग पद

राहुल यांचे चिरंजीव राजीव बजाज 1 एप्रिल 2005 रोजी व्यवस्थापकीय संचालक झाले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी आणि इंग्लंडमधल्या वॉरिकमधून उत्पादनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते 1990 च्या सुमारास कंपनीत आले होते. म्हणजे त्या पदापर्यंत पोहोचायला साधारण पंधरा वर्षे लागली, आणि त्यातला बराच काळ उत्पादन आणि संशोधन या विभागांत गेला.

या पंधरा वर्षांत बाजार उलटला होता. एकेकाळी ज्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, तिच्याकडे तरुण पाठ फिरवत होते, आणि मोटारसायकलीत हीरो होंडा पुढे निघून गेली होती. 2001 च्या नोव्हेंबरमध्ये पल्सर आली. चाकणच्या कारखान्यातून निघणारी ही गाडी राजीव यांच्या पिढीने घडवली होती. ते पदावर बसले तेव्हा पल्सर तीन वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर धावत होती.

हा क्रम महत्त्वाचा आहे. वारसाला आधी खुर्ची देऊन नंतर त्याने काहीतरी करून दाखवायची वाट पाहिली, तर त्या मधल्या काळात वितरक आणि गिऱ्हाईक दोघेही जुन्या साहेबांकडे बघत राहतात. इथे उलट झाले. 'पोराला जमेल का?' या प्रश्नाचे उत्तर शोरूममध्ये आधीच उभे होते.

पायऱ्या मोजून उतरणे

राहुल बजाज एका दिवसात बाजूला झाले नाहीत. 2005 मध्ये रोजचा कारभार मुलाकडे गेला आणि ते अध्यक्ष राहिले. 2008 मध्ये कंपनीचे विभाजन झाले. वाहनांचा व्यवसाय राजीव यांच्याकडे राहिला आणि वित्तीय सेवांचा धाकट्या संजीव यांच्याकडे गेला. दोन भावांना एकाच टेबलावर हक्क सांगायची वेळच येऊ नये, अशी ही व्यवस्था होती. 1 एप्रिल 2020 पासून राहुल बिगर-कार्यकारी अध्यक्ष झाले. 30 एप्रिल 2021 रोजी त्यांनी तेही पद सोडले आणि 'मानद अध्यक्ष' झाले. त्यांच्या जागी अध्यक्ष म्हणून राजीव नव्हे, तर घराण्यातलेच नीरज बजाज आले. फेब्रुवारी 2022 मध्ये राहुल यांचे निधन झाले, तोवर कंपनीत ठरवायचे असे काहीच उरले नव्हते.

या सोळा वर्षांत प्रत्येक पायरीवर एकेक अधिकार गेला, आणि तो गेल्याची जाहीर नोंद झाली. लहान कारखान्यात नेमके हेच राहून जाते. 'मी आता लक्ष घालत नाही' असे वडील म्हणतात, पण चेकवर सही त्यांचीच असते आणि बँकेच्या कर्जाला वैयक्तिक हमीही त्यांचीच असते. अशा वेळी बँक, पुरवठादार आणि कामगार यांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते.

वडील दुखावले, निर्णय मात्र उलटला नाही

खरी कसोटी 2009 च्या डिसेंबरमध्ये लागली. कंपनी स्कूटर बनवणे पूर्ण बंद करणार, असे राजीव यांनी जाहीर केले. मूळ चेतक त्याआधीच थांबली होती. आता उरलेली क्रिस्टलही जाणार होती. ज्या वस्तूने घराण्याचे नाव घरोघरी नेले, तीच वारसाने सोडून दिली. आपल्याला याचे वाईट वाटले, आपण दुखावलो, हे राहुल बजाज यांनी लपवले नाही. ते उघड बोलले.

पण अध्यक्ष असूनही त्यांनी निर्णय फिरवला नाही. बाप-लेकांत मतभेद असल्याचे कळल्यामुळे नाव डळमळत नाही. वितरकाला मतभेदाची भीती नसते, अनिश्चिततेची असते. आज मुलाने सांगितलेले उद्या वडील बदलणार असतील, तर वितरक माल उचलायचे थांबतो. अंतिम शब्द कोणाचा हे पक्के असेल, तर जेवणाच्या टेबलावर काय वाद होतो याच्याशी बाजाराला देणेघेणे नसते.

राजीव यांचा युक्तिवाद असा होता की कंपनीने सगळे थोडे थोडे करण्यापेक्षा मोटारसायकल हे एकच काम जगात सर्वोत्तम करावे. त्याचे फळ मिळाले. निर्यात वाढली, ऑस्ट्रियाच्या केटीएमशी आधीच झालेली भागीदारी वाढली आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीचे बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांवर गेले. दुचाकी बनवणाऱ्या कंपनीने हा टप्पा जगात पहिल्यांदाच गाठला होता.

किंमतही मोजावी लागली. गिअर नसलेल्या स्कूटरची मागणी नंतर इतकी वाढली की देशातल्या दुचाकींत साधारण एक तृतीयांश हिस्सा स्कूटरचा झाला, आणि त्यात बजाज कुठेच नव्हती. वडिलांचे दुखावणे केवळ भावनिक नव्हते, हे यावरून दिसते.

एक गोष्ट मात्र जपली गेली. चेतक हे नाव दुसऱ्या कुठल्या तरी मालावर चिकटवून झिजवले गेले नाही. दशकाहून अधिक काळ ते बाजूला ठेवले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये तेच नाव विजेवरच्या स्कूटरला दिले गेले, आणि जानेवारी 2020 मध्ये पुणे व बंगळुरूत विक्री सुरू झाली. जून 2022 मध्ये आकुर्डीच्या जुन्या जागेत तिच्यासाठी नवा कारखाना उभा राहिला. माल बंद करणे आणि नाव मोडीत काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नाव कोणाच्या मालकीचे?

आडनाव हाच ब्रँड असेल, तर ते घरातल्या सगळ्यांचे असते आणि म्हणून भांडणाचे मूळही होते. पुण्याच्या किर्लोस्कर घराण्यात 2009 मध्ये कौटुंबिक करार झाला, तरीही पुढे भावांमध्ये कोर्टबाजी झाली. किर्लोस्कर ब्रदर्सचा मुख्य धंदा पंपांचा. भावांच्या दुसऱ्या कंपनीनेही पंपांच्या व्यवसायात उतरणे करारात बसते का, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. नाव कोणी वापरायचे याइतकेच ते कोणत्या मालावर वापरायचे हेही लिहून ठेवावे लागते, हा त्यातला धडा.

आता तळवड्याकडे येऊ. समजा एका गृहस्थांनी प्रोप्रायटरी फर्ममध्ये टूल ट्रॉली आणि रॅक बनवायला सुरुवात केली आणि आपल्या ब्रँडचा ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर नोंदवला. मुलीने कारभार घेतला म्हणून तो ट्रेडमार्क तिचा होत नाही. हस्तांतर लेखी करावे लागते आणि रजिस्ट्रारकडे टीएम-पी अर्ज करून त्याची नोंद करावी लागते. नोंदणी दहा वर्षांची असते. नूतनीकरणाची नोटीस वडिलांच्या जुन्या ईमेलवर गेली आणि कोणी पाहिलीच नाही, तर नाव निसटू शकते.

याहून मोठी अडचण पॅनची असते. प्रोप्रायटरी फर्मचे जीएसटी मालकाच्या वैयक्तिक पॅनला जोडलेले असते, त्यामुळे मालक बदलला की नवी नोंदणी घ्यावी लागते. वापरायचे राहिलेले इनपुट टॅक्स क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मने वळवावे लागते. जीएसटी नंबर बदलला की मोठ्या कंपन्यांकडचा व्हेंडर कोडही बहुधा नव्याने काढावा लागतो, आणि तो होईपर्यंत बिले अडकतात. गिऱ्हाइकाला वाटते, 'साहेब गेले आणि गडबड सुरू झाली.' प्रत्यक्षात गडबड कागदाची असते, पण बदनामी मुलीच्या वाट्याला येते.

म्हणून दोन बदल एकाच वेळी करू नयेत. वडील पूर्ण सक्रिय असतानाच फर्मची प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी करून घ्यावी, ट्रेडमार्क त्या नव्या संस्थेच्या नावावर चढवावा आणि व्हेंडर कोड बदलून घ्यावेत. त्या धावपळीत वडिलांची ओळख उपयोगी पडते. वर्षभराने खुर्ची बदलली, तर पॅन, जीएसटी आणि कोड सगळे जागच्या जागी राहते. बँकेतली सही आणि वैयक्तिक हमी मात्र तेव्हा वेगळी बदलून घ्यावीच लागते.

बिनसते आहे हे कसे कळावे

विक्रीचे आकडे उशिरा सांगतात. त्याआधी तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे, मुलीने कोटेशन दिल्यावर खरेदी विभागाचा माणूस वडिलांना फोन करतो आणि दोन टक्के कमी करून घेतो. असे एकदा झाले की पुढचे प्रत्येक कोटेशन वडिलांकडेच जाते. वडिलांनी अशा वेळी भाव बोलायचाच नाही, फोन तिच्याकडे द्यायचा.

दुसरी, जुना सुपरवायझर निर्णय रोखून धरतो आणि 'मोठ्या साहेबांना विचारून सांगतो' म्हणतो. त्याला समजावणे मुलीचे काम नाही. ते वडिलांनी, इतर कामगारांसमोर, एकदा स्पष्ट सांगायला हवे.

तिसरी खूण उलट दिशेची असते. वारस सगळेच एकदम बदलतो: रंग, लोगो, डिलिव्हरीच्या वेळा, जुने पुरवठादार. बजाजमध्ये मोठा बदल झाला, पण पल्सर आधी बाजारात आली आणि स्कूटर त्यानंतर आठ वर्षांनी गेली. त्या मधल्या काळात गिऱ्हाइकाला पकडायला नेहमी काहीतरी ओळखीचे होते. वेळेवर माल आणि बिघाड झाल्यास त्याच दिवशी माणूस पाठवणे, ही जुन्या साहेबांची ओळख असेल, तर पहिली दोन वर्षे त्याला हात लावू नये. लोगो बदलायचा असेल तर खुशाल बदलावा.